चार कप्प्यांची संचिका

२० ऑगस्ट २०१० रोजी महाराष्ट्र शासनाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा निर्णय काढला आणि त्या वर्षीच्या दिवाळीनंतर आमच्या शाळेच्या शिक्षककक्षात एक लोखंडी कपाट वाढलं. पहिली ते आठवीच्या मुलांचं मूल्यमापन आता दोन भागांत होणार होतं, आकारिक आणि संकलित. सातवी-आठवीला शंभरातले चाळीस गुण आकारिकाचे. त्यासाठी साधनं आठ: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि आठवं 'इतर'. या 'इतर'च्या पोटात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापन होतं. म्हणजे मुलानं स्वतःच्या कामाकडे बघणं ही गोष्ट निर्णयात पहिल्या दिवसापासून होती, फक्त यादीच्या शेवटी होती, आणि यादीच्या शेवटच्या नोंदीचं शाळांमध्ये जे होतं तेच तिचं झालं.

कपाटात प्रत्येक मुलाची एक फाईल होती. तिच्यात चाचणीचे पेपर, रंगवलेली चित्रं, वर्तमानपत्रातली कात्रणं, 'माझा आवडता सण' आणि पालकांची सही असलेला तक्ता. फाईल जितकी जाड, तितकं काम चांगलं असा एक अलिखित समज होता. कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावातली आमची शाळा तशी शिस्तीची, त्यामुळे फायली वेळेवर भरत आणि वर्ष संपलं की वेळेवर बांधून ठेवल्या जात. मधल्या काळात त्या कोणी उघडत नसे. मराठीच्या ज्येष्ठ बाईंनी एकदा शिक्षकसभेत चार फायली आणल्या, नावं कागदानं झाकली आणि विचारलं, "यातल्या कुठल्या मुलाला काय येतं आणि काय येत नाही, ते सांगा." अक्षर कोणाचं चांगलं आहे एवढंच सांगता आलं. त्या फायलींमध्ये काम पुष्कळ होतं, पण ते कोणी निवडलेलं नव्हतं. जे आलं ते आत गेलं होतं.

आमच्या संचिकेची वाटचाल त्या सभेपासून सुरू होते, आणि ती पुढे बराच काळ एकाच वर्गातल्या एकाच घटकापुरती राहिली. आठवीचा मराठीतला मुलाखत आणि व्यक्तिचित्रणाचा घटक, सहा आठवड्यांचा. मुलांनी गावातल्या एका काम करणाऱ्या माणसाला भेटायचं, त्याच्याशी बोलायचं आणि त्याचं दोन पानी व्यक्तिचित्र लिहायचं. वर्षभराची संचिका करावी असा आग्रह सुरुवातीला होता. बाईंनी तो मोडून काढला, कारण वर्षभराच्या संचिकेत नेमकं काय शोधायचं हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

दिशा सापडली ती अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहराच्या सरकारी शाळांकडून. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हार्वर्ड विद्यापीठाचा प्रोजेक्ट झीरो हा अभ्यासगट, प्रिन्स्टनची एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस आणि पिट्सबर्गच्या शाळा यांनी मिळून 'आर्ट्स प्रोपेल' नावाचा प्रकल्प चालवला होता. पैसा रॉकफेलर फाउंडेशनचा. प्रोजेक्ट झीरोकडून त्यात हॉवर्ड गार्डनर होते, आणि गंमत म्हणजे भागीदारांमधली टेस्टिंग सर्व्हिस ही बहुपर्यायी परीक्षांसाठी जगभर ओळखली जाणारी संस्था. संगीत, दृश्यकला आणि सर्जनशील लेखन हे तीन विषय घेऊन त्यांनी मुलांच्या संचिका बनवल्या, पण त्या उत्तम कामाच्या प्रदर्शनी संचिका नव्हत्या. कच्चं काम, मध्येच सोडलेलं काम, त्यावर मुलानं केलेला विचार, असं सगळं त्यात राहत असे.

लेखनाच्या संचिकेसाठी पिट्सबर्गच्या मुलांना ढिगातून चार गोष्टी निवडायच्या असत: एक महत्त्वाचं वाटणारं लेखन, एक समाधान देणारं, एक समाधान न देणारं, आणि एक मर्जीनुसार. प्रत्येकासोबत ते का निवडलं याची उत्तरं. आमच्या सभेत चर्चा अडली ती तिसऱ्यावर. जे जमलं नाही ते मूल्यमापनाला कशाला द्यायचं? गणिताचे सर म्हणाले, "पोरगं कशाला आपलं वाईट काम दाखवील? आणि दाखवलं तर गुण कापायचे की द्यायचे?" प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर आम्हाला दुसऱ्या वर्षी मिळालं. ते पुढे येईलच.

आधी घटकाची उद्दिष्टं तीनवर आणली. माणसाकडून माहिती निघेल असे प्रश्न विचारता येणं, मिळालेल्या तपशिलातून माणूस उभा राहील असा तपशील निवडता येणं, आणि लिहिलेलं पुन्हा लिहून सुधारता येणं. वर्षाच्या नियोजनात या घटकाखाली अकरा उद्दिष्टं होती. पण संचिकेत जे शोधायचं ते तीन-चार गोष्टींपेक्षा जास्त असलं की निवड करणाऱ्या मुलाच्या डोक्यात काही राहत नाही आणि वाचणाऱ्या शिक्षकाच्याही. व्याकरण, वाक्प्रचार, शुद्धलेखन हे सगळं चाचणीकडे ठेवलं. तिथे ते जास्त नीट तपासता येतं.

मग प्रत्येक उद्दिष्टाला संचिकेत एक कप्पा दिला, आणि चौथा पिट्सबर्गकडून घेतला. संचिका म्हणजे पुठ्ठ्याची साधी फाईल, आत चार कागदी पाकिटं. प्रत्येक पाकिटावर निवडीचा निकष चिकटवलेला. पहिल्या वर्षीचे निकष असे होते: 'तुझे उत्तम प्रश्न', 'तुझे उत्तम लेखन'. यावर मुलं सरळ अक्षर बघून कागद निवडत. निवडीच्या तासाला बाई सतरंजीवर बसून एकेकाला विचारत, "हाच का घेतलास?" उत्तर ठरलेलं, "बाई, याच्यात खाडाखोड नाही." उत्तम म्हणजे नीटनेटकं, हे सात वर्षांच्या शाळेनं मुलांना शिकवलंच होतं. त्यांची चूक नव्हती.

दुसऱ्या वर्षी निकषातून 'उत्तम' हा शब्द काढला आणि एक कसोटी घातली: निवडलेल्या कागदावर मुलाला बोट ठेवून जागा दाखवता आली पाहिजे. पहिल्या पाकिटावर आता लिहिलं होतं, 'प्रश्नांच्या दोन याद्या, भेटीआधीची आणि भेटीनंतर सुधारलेली. ज्या प्रश्नानंतर माणूस सगळ्यांत जास्त बोलला त्यावर खूण कर.' दुसऱ्यावर, 'एकाच परिच्छेदाचे तीन खर्डे. जो परिच्छेद सगळ्यांत जास्त बदलला तोच घ्यायचा.' तिसऱ्यावर, 'पूर्ण व्यक्तिचित्र. ज्या ओळीत तुझा माणूस दिसतो ती ओळ अधोरेखित कर.' चौथ्यावर, 'या घटकातलं असं काही, जे तू करून पाहिलंस आणि जमलं नाही. कुठे अडलं तिथे खूण कर.' एकूण बारा पानांपेक्षा जास्त कागद आत जाणार नाहीत, असा एक कठोर नियमही आला. ही मर्यादा नसती तर निवड झालीच नसती. सगळं ठेवता येत असेल तर मूल सगळंच ठेवतं.

दुसऱ्या पाकिटाचा निकष नीट पाहण्यासारखा आहे. 'सगळ्यांत चांगला परिच्छेद' मागितला तर मुलं पहिल्या फटक्यात जमलेला परिच्छेद आणतात, आणि त्यात पुनर्लेखनाचं काहीच दिसत नाही. 'सगळ्यांत जास्त बदललेला' मागितला की खाडाखोडीचा कागद अचानक कामाचा ठरतो. ज्या मुलांचा पहिला खर्डा अगदी मोडका असतो त्यांच्याकडे दाखवायला जास्त असतं. वर्गातल्या हुशार मुलांना हे पहिल्यांदा अन्यायाचं वाटलं, आणि एका मुलाच्या वडिलांनी तसं येऊन सांगितलंही. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. एका उद्दिष्टापुरतं तरी, ज्याला पहिल्याच वेळी चांगलं लिहिता येतं त्याला आणखी पुढे ढकलण्याची जबाबदारी शिक्षकावर येते.

आता चिठ्ठ्यांकडे. प्रत्येक पाकिटातल्या कामासोबत मुलानं स्वतःच्या कामाबद्दल लिहिलेली एक चिठ्ठी जोडायची. पहिल्या वर्षी सगळ्या पाकिटांना मिळून एक छापील पान होतं, त्यावर प्रश्न: 'या घटकातून तू काय शिकलास? तुला काय आवडले? पुढे काय सुधारणा करशील?' आलेली उत्तरं आजही कपाटात आहेत. 'मला या घटकातून माणसांशी कसे बोलावे हे शिकायला मिळाले. मला हा उपक्रम खूप आवडला. पुढे मी अक्षर सुधारेन.' साऱ्या वर्गाची अशीच, थोड्या फार फरकानं. त्या पानाला पाच गुण होते, त्यामुळे बाईंना जे ऐकायचं आहे ते मुलांनी लिहिलं. पुढच्या बाकावरच्या एकानं लिहिलेलं मागे फिरलंही असणार.

या पानात तीन दोष होते आणि तिन्ही दुरुस्त व्हायला तीन वर्षं लागली. पहिला दोष वेळेचा. घटक संपल्यावर सगळं एकदम विचारलं की मुलाला आठवत नाही, मग ते सर्वसाधारण काहीतरी लिहितं. आता चिठ्ठी त्या-त्या कामाच्या तासालाच, शेवटच्या दहा मिनिटांत लिहिली जाते आणि कामाला टाचली जाते. दुसरा दोष प्रश्नाचा. 'काय शिकलास' या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर मुलाला स्वतःच्या डोक्यात डोकावावं लागतं, आणि ते मोठ्यांनाही अवघड जातं. कागदाकडे बघून उत्तर देता येईल असा प्रश्न हवा. म्हणून प्रश्न असे झाले: 'दुसऱ्या खर्ड्यातलं तिसऱ्यात काय काढून टाकलंस? ते का नको होतं?' 'कुठल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर आलं? तो आता कसा विचारशील?' 'मित्रानं सांगितलेली कुठली सूचना तू मानली नाहीस? का?' हा शेवटचा प्रश्न आमचा सगळ्यांत कामाचा ठरला. सूचना मानण्याची कारणं मुलं पाठ असल्यासारखी देतात, न मानण्याचं कारण मात्र स्वतःच शोधावं लागतं.

तिसरा दोष गुणांचा. चिठ्ठीला स्वतंत्र गुण असेपर्यंत ती गोडच राहिली. म्हणून गुण काढून टाकले. चिठ्ठी आता साक्षीदारासारखी वाचली जाते: ती जे म्हणते ते खर्ड्यात दिसतं का? दिसत असेल तर पुनर्लेखनाचा गुण देताना तिचा आधार घ्यायचा. मुलांनी चिठ्ठ्या घरच्या बोलीत लिहिल्या तरी चालतील असंही ठरलं. प्रमाण भाषेत लिहायला लावलं की मुलं पुस्तकी वाक्यांच्या आड जातात आणि सांगायचं ते राहून जातं.

चौथ्या पाकिटाचं, न जमलेल्याचं, काय झालं ते एका मुलीच्या संचिकेतून सांगतो. तिनं शेजारच्या एसटी कंडक्टर काकांना निवडलं होतं. भेटीआधीच्या यादीत तिचे प्रश्न सगळ्यांचे असतात तसेच होते: 'तुम्हाला तुमचे काम आवडते का?' 'तुम्हाला काय अडचणी येतात?' काकांनी 'हो' आणि 'अडचणी काय, चालायचंच' अशी उत्तरं दिली. भेटीनंतरच्या यादीत तिनं नवा प्रश्न लिहिला, 'मुक्कामी गाडी असते तेव्हा जेवण कुठं करता आणि झोपता कुठं?' खूण याच प्रश्नावर होती, आणि चिठ्ठीत होतं, 'पहिल्या प्रश्नांना हो-नाही म्हणून सुटता येतं, या प्रश्नाला जागा सांगावीच लागते.' आठवीच्या मुलीनं मुलाखतीचं तंत्र एका वाक्यात मांडलेलं आहे. बाईंनी ते पुढच्या वर्षी वर्गात वाचून दाखवलं, नाव न घेता.

दुसऱ्या पाकिटात एका परिच्छेदाचे तीन खर्डे होते. पहिला: 'काका अतिशय प्रेमळ व कष्टाळू आहेत. ते सर्वांशी मिळूनमिसळून वागतात. त्यांना त्यांच्या कामाचा अभिमान आहे.' दुसरा, भेटीनंतरचा: 'काका रात्री मुक्कामाच्या गाडीवर असतात. ते गाडीतच झोपतात. त्यांना खूप त्रास होतो. पैशांची काळजी घ्यावी लागते.' तिसरा: 'मुक्कामाच्या गावात गाडी नऊला पोचते. काका आधी दिवसाचा हिशेब जुळवतात, मग डबा उघडतात. झोपताना पैशांची पिशवी उशाखाली असते. झोप लागते का, असं मी विचारलं तर म्हणाले, "लागती, पण पिशवीवरचा हात निघत न्हाई."' सोबतची चिठ्ठी: 'दुसऱ्या खर्ड्यात मी त्यांना खूप त्रास होतो असं लिहिलं होतं. ते काकांनी म्हटलं नव्हतं, मीच म्हटलं होतं. म्हणून काढलं आणि पिशवी घातली.'

चौथ्या पाकिटात काकूंवर लिहिलेला एक परिच्छेद होता. काका मुक्कामी असताना काकू घरी कशा वाट बघतात, असं काहीसं. चार ओळींवर थांबलेला. 'कुठे अडलं?' या प्रश्नाला उत्तर होतं, 'मला वाटलं भाषा जमत नाही. पण मी काकूंना काही विचारलंच नव्हतं, म्हणून माझ्याकडे सांगायला काही नव्हतं.' या चिठ्ठीवर बाई त्या वर्षीच्या सभेत बराच वेळ बोलल्या. चांगल्या कामातून हे निदान कधीच निघालं नसतं. तिची अडचण वर्णनाची नव्हती, माहितीची होती, आणि उपाय शब्दसंपत्तीचा तास घेणं हा नसून काकूंना जाऊन भेटणं हा होता. गणिताच्या सरांच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळालं. चौथ्या पाकिटाला गुण नाहीत, ते रिकामं मात्र ठेवता येत नाही. शिक्षकाला पुढचा धडा कुठून सुरू करायचा ते त्यातून कळतं. मुलं वाईट काम दाखवायला कचरतील ही भीती पहिल्या वर्षी खरी ठरली होती. गुण नाहीत हे पटल्यावर ती गेली, पण पटायला एक सत्र गेलं.

गुणांचं प्रकरण जास्त खडतर होतं. तीन उद्दिष्टांना प्रत्येकी एक ते चार अशा पातळ्या ठरवल्या, आणि बारापैकी आलेली बेरीज आकारिकातल्या प्रकल्पाच्या गुणांत बसवली. पातळ्यांची वर्णनं लिहिताना पहिला मसुदा 'उत्कृष्ट, चांगले, साधारण, असमाधानकारक' असा होता. त्यातून काहीच ठरत नसे. मग तपशिलाच्या निवडीचं वर्णन असं केलं: पहिल्या पातळीवर फक्त विशेषणं आहेत, कोणत्याही माणसाला लागू पडतील अशी. दुसऱ्यावर तपशील आहेत, पण त्या धंद्यातल्या कोणत्याही माणसाचे. तिसऱ्यावर निदान एक तपशील फक्त याच माणसाचा आहे. चौथ्यावर असे तपशील एकमेकांशी जोडले जाऊन माणसाच्या स्वभावाबद्दल काहीतरी सांगतात, आणि ते लेखकाला वेगळं बोलून दाखवावं लागत नाही. कंडक्टर काकांचे तीन खर्डे या पायऱ्यांवर ठेवून बघा: एक, दोन, चार. म्हणूनच ती संचिका, नाव झाकून, पुढे नमुना म्हणून ठेवली गेली.

वर्णनं इतकी नेमकी करूनही दोन शिक्षक एका संचिकेला वेगळे गुण देत. रसवंतीवाल्यावर लिहिणाऱ्या एका मुलाला एका बाईंनी तपशिलासाठी दोन दिले, दुसऱ्या सरांनी चार. बोलणं झालं तेव्हा कळलं की ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आणि किरटं अक्षर यांमुळे बाईंना ते लेखन वाचवेना. सरांनी तोच परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. उसाच्या चरकाच्या घुंगरांचा आवाज थांबला की गिऱ्हाईक संपलं हे घरात आईला कळतं, असा तपशील त्यात होता. बाईंनी चार केले. पुढे प्रत्येक वर्षी तपासणीआधी पाच-सहा संचिका दोन जण स्वतंत्रपणे वाचतात, आणि एकापेक्षा जास्त पातळीचा फरक आला तर कागदावर बोट ठेवून बोलतात. पाच-सहाच, कारण सगळ्या दोनदा वाचायला वेळ नाही.

हा खटाटोप का करावा लागतो याचं उदाहरण अमेरिकेतच व्हर्मॉन्ट राज्यात आहे. तिथे १९९१-९२ मध्ये चौथी आणि आठवीच्या मुलांचं लेखन आणि गणित राज्यभर संचिकांवरून तपासायचं ठरलं. रँड कॉर्पोरेशनने त्याचा अभ्यास केला, डॅनियल कोरेट्झ यांच्या नेतृत्वाखाली. पूर्ण एकमत म्हणजे १ असं धरलं, तर दोन तपासनिसांच्या गुणांमधला मेळ पहिल्या वर्षी सरासरी ०.३३ ते ०.४३ च्या दरम्यान निघाला. इतक्या विस्कळीत गुणांवर शाळाशाळांची तुलना करणं योग्य नव्हतं. प्रत्येक शिक्षकानं वेगळी कामं दिली होती, मोजण्याच्या बाजू पुष्कळ होत्या आणि तपासनिसांची तयारी घाईत झाली होती. पिट्सबर्गमध्ये याउलट शिक्षक अनेक वर्षं एकत्र बसून मुलांचं लेखन वाचत आले होते. तिथे मोजण्याच्या बाजू तीनच होत्या: लेखनातली कामगिरी, लेखनाच्या प्रक्रियेचा वापर, आणि लेखक म्हणून झालेली वाढ. यातली तिसरी बाजू आम्ही घेतली नाही. सहा आठवड्यांत वाढ दिसते असं म्हणणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं.

एक विकार मात्र कुठल्याही पुस्तकात नव्हता, तो आम्हाला वर्गातच भेटला. तीन खर्डे मागितले की काही मुलं आधी पक्का खर्डा लिहीत आणि मग त्यावरून दोन कच्चे तयार करत. ओळखू येई ते असं: पहिल्या खर्ड्यात एकही शब्द खोडलेला नसे, तिन्ही कागदांवर शाई एकच, आणि बदल म्हणजे फक्त दोन-चार शब्द मुद्दाम चुकवलेले. खरा पहिला खर्डा मधेच थांबलेला असतो, कडेला बाण असतात, कुठेतरी वाक्य दोनदा सुरू केलेलं असतं. मुलांवर चिडून उपयोग नव्हता, मागणीच तशी होती. आता पहिला खर्डा वर्गातच होतो, त्यावर त्या दिवशीचा तारखेचा शिक्का पडतो आणि कागद शाळेत राहतो. दुसरा खर्डा शेजारच्या मुलानं वाचून खुणा केलेला हवा. यामुळे घरच्या मदतीचा प्रश्नही बराच कमी झाला, पूर्ण संपला नाही. ज्या घरात ताई महाविद्यालयात आहे त्या घरातला तिसरा खर्डा ओळखू येतोच.

वेळेचा हिशेब स्पष्ट सांगायला हवा, कारण कौतुकात तो राहून जातो. संचिका नीट वाचायला, चिठ्ठ्यांसकट, दहा ते पंधरा मिनिटं लागतात. वर्गात पन्नासच्या आसपास मुलं असली तर हे काम आठ ते बारा तासांचं आहे, आणि ते वर्गाबाहेरचं. म्हणून संचिका सत्रात एकाच घटकाची होते, आणि पाकिटं एकदम न येता एकेक करून येतात. ऊसतोडणीच्या हंगामात येणारी आणि पट्टा पडला की जाणारी मुलं यात अर्धी राहतात. त्यांची पाकिटं त्यांच्यासोबत द्यायची असं ठरलं आहे, पुढच्या शाळेत ती कोणी उघडतं का याची खात्री आम्हाला देता येत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधल्या समग्र प्रगतिपत्रकात स्वयंमूल्यमापन आणि सहाध्यायी मूल्यमापनाला स्वतःची जागा आहे. ती जागा खुणांच्या चौकटींनी भरायची की मुलांच्या वाक्यांनी, हे शाळेनंच ठरवायचं आहे.

यंदा सहावीच्या अपूर्णांकांना हीच रचना लावून पाहत आहोत. पहिला अडसर लगेच आला. गणितात 'सगळ्यांत जास्त बदललेलं' म्हणून मुलं आधी चुकलेलं आणि मग फळ्यावरून उतरवून घेतलेलं गणित आणतात, आणि त्यात मुलाचं काहीच नसतं. म्हणून दुसऱ्या पाकिटाचा निकष सरांनी बदलला: 'एकच बेरीज दोन रीतींनी, एकदा आकृती काढून आणि एकदा छेद समान करून. दोन्हींत उत्तर वेगळं आलं असेल तर तेच घे, आणि कुठल्या पायरीपासून वाट फुटली तिथे खूण कर.' पहिल्या वीस पाकिटांत १/२ + १/३ चं उत्तर २/५ काढणारी पाच मुलं सापडली. त्यांतल्या तिघांच्या आकृतीत उत्तर बरोबर होतं.